तेल महागलं, मग सोयाबीन का नाही?

मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुलतानपूर लागतं. लोणार सरोवर पाहायला निघालेली माणसं इथून वळतात. त्यांना गाडीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंनी जे हिरवं शिवार दिसतं, त्यात पावसाळ्यात सर्वांत जास्त सोयाबीन असतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास मळणी होते, पोती भरतात आणि घराघरांत एकच विषय निघतो : यंदा भाव काय?

२०२४ च्या हंगामात या विषयाला एक कोडं जोडलं गेलं. १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्र सरकारने आयात खाद्यतेलावरचं शुल्क वाढवलं. कच्च्या सोयाबीन, पाम आणि सूर्यफूल तेलावरचं एकूण शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्के झालं, तर रिफाइंड तेलावरचं १३.७५ वरून ३५.७५ टक्के. किराणा दुकानात तेलाचा डबा महागला. बाहेरचं तेल महाग पडणार, म्हणजे गिरण्या देशी सोयाबीनच्या मागे लागणार, असा शेतकऱ्यांचा सरळ हिशोब होता. पण सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना बाजार समित्यांतले भाव त्याच्या बरेच खाली राहिले. तेल वर गेलं आणि सोयाबीन जागचं हललं नाही. व्यापाऱ्यांनी संगनमत केलं, असं अनेकांना वाटलं. त्या संशयात किती तथ्य होतं, हा वेगळा विषय आहे. पण कोड्याचं मोठं उत्तर गिरणीच्या जमाखर्चात सापडतं, आणि ते समजून घ्यायला परिव्यय लेखांकनातली एक जुनी अडचण आधी समजून घ्यावी लागते. एकाच मालातून, एकाच खर्चात, दोन वस्तू निघत असतील तर कुठल्या वस्तूवर किती खर्च पडला असं म्हणायचं?

आधी गिरणीत काय घडतं ते पाहू. सोयाबीन चाळून माती, काडीकचरा आणि खडे काढले जातात. दाणे रोलरखाली भरडून त्यांचे तुकडे करतात, वाफेने ते मऊ करतात आणि मग दाबून कागदासारख्या पातळ पापड्या बनवतात. या पापड्या एका लांब यंत्रातून सरकत जातात आणि त्यांच्यावर हेक्झेन नावाचं पेट्रोलजन्य द्रावण सोडलं जातं. हेक्झेन तेल विरघळवून घेतं. खाली तेल आणि हेक्झेन यांचं मिश्रण गोळा होतं आणि यंत्राच्या दुसऱ्या टोकाला तेल निघून गेलेल्या, हेक्झेनने भिजलेल्या पापड्या बाहेर पडतात. मिश्रण तापवलं की हेक्झेन उडून जातं, ते थंड करून पुन्हा वापरतात, आणि मागे कच्चं तेल राहतं. पापड्यांतलं हेक्झेन वाफेने काढून त्या भाजल्या की मिळते सोयापेंड. बाजारात तिला सगळे डीओसी म्हणतात. तिच्यात एक टक्क्याच्या आतबाहेर तेल उरतं, पण प्रथिनं ४६ ते ४८ टक्के असतात. कोंबड्यांच्या खाद्याचा ती कणा आहे.

या साखळीत एक जागा फार महत्त्वाची आहे. चाळण्यापासून हेक्झेनपर्यंतचा सगळा खर्च, म्हणजे सोयाबीनची किंमत, बॉयलरचं इंधन, वीज, मजुरी, उडून गेलेलं हेक्झेन, हा तेल आणि पेंड या दोघांसाठी मिळून होतो. पेंड नको, फक्त तेल काढतो, असं कुणाला म्हणता येत नाही. या सामायिक खर्चाला संयुक्त खर्च म्हणतात आणि जिथे दोन वस्तू वेगळ्या ओळखू येतात त्या जागेला विलगीकरण बिंदू. काटेकोरपणे पाहिलं तर हा बिंदू हेक्झेनच्या यंत्रातच येतो. पण हेक्झेनमिश्रित तेल किंवा हेक्झेनने ओली पापडी कुणी विकत घेत नाही. त्यामुळे व्यवहारात कच्चं तेल आणि सुकी पेंड हाती आली की तिथे रेघ ओढणं सोयीचं, आणि आपण तसंच करू. त्यापुढे तेल रिफाइन करण्याचा जो खर्च येतो तो एकट्या तेलाचा. त्याच्या वाटणीचा प्रश्न येत नाही.

आता आकडे घेऊ. पुढचे भाव हिशोब कळावा म्हणून धरलेले आहेत, अमुक दिवसाचे बाजारभाव नव्हेत. गिरणीने शंभर क्विंटल सोयाबीन ४,५०० रुपये क्विंटलने घेतलं. ते झाले साडेचार लाख. विलगीकरण बिंदूपर्यंतचा प्रक्रिया खर्च वीस हजार. संयुक्त खर्च ४,७०,००० रुपये. या शंभर क्विंटलांतून १,८०० किलो कच्चं तेल आणि ८,००० किलो पेंड निघाली. उरलेले दोनशे किलो ओलावा, धूळ आणि कचरा यांत गेले. ही घट नेहमीची आहे, म्हणून तिचा वेगळा खर्च दाखवत नाहीत. निघालेल्या मालाच्या माथी ती आपोआप पडते. तेल १२० रुपये किलोने विकलं तर २,१६,००० येतात. पेंड ३४ रुपयांनी विकली तर २,७२,०००. एकूण ४,८८,००० आणि नफा १८,००० रुपये.

इथेच एक गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे. आपण तिला तेल गिरणी म्हणतो, पण या हिशोबात तिच्या गल्ल्यात तेलापेक्षा पेंडीचा पैसा जास्त आहे. म्हणून पेंड हे तेलाचं उपउत्पादन नाही. दोन्ही संयुक्त उत्पादनं आहेत. कोणती वस्तू मुख्य आणि कोणती दुय्यम हे गिरणीच्या पाटीवरून ठरत नाही, किंवा कुठली वस्तू हवी म्हणून कारखाना उभारला यावरूनही नाही. ते ठरतं एकूण कमाईतल्या वजनावरून. तेल रिफाइन करताना साबणासारखा चिकट गाळ निघतो, त्याच्यापासून ॲसिड ऑइल बनवून ते साबणवाल्यांना विकतात. त्याची किंमत एकूण उलाढालीत नगण्य असते, म्हणून ते खरं उपउत्पादन. अशा वस्तूवर कुणी खर्चाचा वाटा टाकत बसत नाही. तिच्या विक्रीतून जे हाती येतं ते मुख्य मालाच्या खर्चातून वजा करतात आणि मोकळे होतात. भारतीय लेखा मानक २ मध्येही नगण्य उपउत्पादनांसाठी हीच वाट सांगितली आहे.

मग ४,७०,००० रुपये तेल आणि पेंडीत वाटायचे कसे? पहिली सुचणारी रीत वजनाची. एकूण ९,८०० किलो माल निघाला, तर प्रत्येक किलोवर सुमारे ४७ रुपये ९६ पैसे. तेलाच्या वाट्याला ८६,३२७ रुपये आले आणि पेंडीच्या वाट्याला ३,८३,६७३. आता वही काय सांगते पाहा. तेलात १,२९,६७३ रुपयांचा नफा आणि पेंडीत १,११,६७३ रुपयांचा तोटा. बेरीज बरोबर अठरा हजारच आहे, पण चित्र पूर्ण खोटं. हे पाहून मालक पेंड बंद करू म्हणाला तर तेलही बंद होईल. किलोभर तेल आणि किलोभर पेंड बाजाराच्या नजरेत सारखी नाहीत, आणि वजनाची रीत नेमकं तेवढंच गृहीत धरते. वजनाची वाटणी तिथेच चालते जिथे निघणाऱ्या वस्तूंचे भाव जवळजवळ सारखे असतात.

म्हणून दुसरी रीत : विक्रीमूल्याच्या प्रमाणात वाटणी. एकूण ४,८८,००० पैकी तेलाचे २,१६,०००, म्हणजे ४४.२६ टक्के. संयुक्त खर्चाचा तेवढाच हिस्सा तेलावर टाकायचा : २,०८,०३३ रुपये, किलोला ११५ रुपये ५७ पैसे. उरलेले २,६१,९६७ रुपये पेंडीवर, किलोला ३२ रुपये ७५ पैसे. दोन्ही वस्तूंवर नफा आता विक्रीच्या ३.६९ टक्के दिसतो. जो माल जास्त पेलू शकतो त्याने जास्त उचलायचा, हे या रीतीमागचं तत्त्व. लेखा मानकाने संयुक्त उत्पादनांसाठी उदाहरण म्हणून सापेक्ष विक्रीमूल्याची हीच रीत दिली आहे आणि एक अट घातली आहे : जी रीत धराल ती तर्काला धरून असावी आणि वर्षानुवर्षं तीच राहावी.

वाटणीचा हा खटाटोप कशाला, एकूण नफा तर अठरा हजारच आहे, असं कुणी विचारेल. वर्षअखेरीला गोदाम रिकामं असेल तर खरोखरच काही फरक पडत नाही. फरक पडतो माल शिल्लक असतो तेव्हा. समजा ३१ मार्चला सगळी पेंड विकली गेली आहे आणि निम्मं तेल, ९०० किलो, टाकीत आहे. विक्री झाली २,७२,००० अधिक १,०८,०००, म्हणजे ३,८०,०००. वजनाच्या रीतीने टाकीतल्या तेलाची किंमत ४३,१६३ रुपये. ती संयुक्त खर्चातून वजा केली तर विकलेल्या मालाचा खर्च ४,२६,८३७ आणि गिरणीला ४६,८३७ रुपयांचा तोटा. विक्रीमूल्याच्या रीतीने तेच तेल १,०४,०१६ रुपयांचं, विकलेल्या मालाचा खर्च ३,६५,९८४ आणि नफा १४,०१६ रुपये. गिरणी तीच, टाकी तीच, तेलाचा एक थेंबही इकडचा तिकडे झालेला नाही. एका वहीत ती बुडते आहे आणि दुसरीत नीट चालली आहे. या आकड्यावर बँक खेळतं भांडवल ठरवते, प्राप्तिकर ठरतो, आणि गिरणी शेतकरी उत्पादक कंपनीची असेल तर सभासदांना काय मिळणार तेही ठरतं. उलट स्थितीत, म्हणजे पेंड शिल्लक असताना, वजनाच्या रीतीने ३४ रुपयांच्या मालाला ४८ रुपये किंमत लागते. मानक सांगतं की साठा खर्च किंवा हाती येऊ शकणारं मूल्य यांपैकी जे कमी असेल त्याच किमतीला दाखवा, म्हणजे तो फुगवटा पुन्हा खाली आणावाच लागतो. जमाखर्चात दरवर्षी एकाच मालावर अशी मोठी घट लिहावी लागत असेल, तर बाजारापेक्षा वाटणीची रीत तपासावी. हे रोग ओळखण्याचं सोपं लक्षण आहे.

विक्रीमूल्याची रीत मला रास्त वाटते, पण तिची मर्यादा लपवू नये. पेंडीचा खर्च ३२ रुपये ७५ पैसे आला कशातून? तिचा भाव ३४ धरला म्हणून. उद्या भाव उतरला की हा "खर्च"ही उतरेल. म्हणजे इथे खर्चावरून भाव ठरत नाही, भावावरून खर्च ठरतो. म्हणूनच "आम्हाला पेंड ३२ रुपये ७५ पैशांना पडते, त्याखाली परवडत नाही" असं कुणी म्हटलं तर त्या विधानाला अर्थ नसतो. एकट्या पेंडीचा खर्च नावाची गोष्ट अस्तित्वात नाही. खर्च आहे तो जोडीचा, आणि परवडणं न परवडणंही जोडीचंच.

हेच तेल रिफाइन करायचं की कच्चं विकायचं, या निर्णयालाही लागू होतं. १,८०० किलो कच्च्या तेलातून पाच टक्के घट जाऊन १,७१० किलो रिफाइंड निघालं आणि ते १३५ रुपयांनी गेलं, तर २,३०,८५० रुपये. रिफाइन करण्याचा खर्च १४,४०० धरू आणि ॲसिड ऑइलचे २,००० जमा करू. हाती राहतात २,१८,४५०. कच्चं विकून २,१६,००० मिळत होते, म्हणजे रिफाइन करण्यात २,४५० रुपयांचा फायदा. या गणितात ४,७०,००० चा आकडा कुठेच आला नाही आणि यायलाही नको. तो खर्च होऊन गेला आहे, तेल कच्चं विकलं तरी आणि रिफाइन केलं तरी. तेलावर ८६,३२७ टाकले होते की २,०८,०३३, याने या निर्णयात रेसभरही फरक पडत नाही. सामायिक खर्चाचा वाटा धरून "तेलात नफा भरपूर आहे, रिफाइनरी टाकूच" असं म्हणणारा माणूस चुकीच्या आकड्याच्या जोरावर बोलत असतो.

आता २०२४ च्या कोड्याकडे वळू. आपल्याच हिशोबात तेलाचा भाव १२० वरून १४० केला आणि त्याच वेळी पेंडीचा ३४ वरून २८ वर आणला. तेलाचे झाले २,५२,०००, पेंडीचे २,२४,०००, एकूण ४,७६,०००. तेल किलोमागे वीस रुपये चढलं, पेंड फक्त सहा रुपये उतरली, तरी गिरणीची कमाई बारा हजारांनी घटली. कारण साधं आहे. तेल १,८०० किलो आहे आणि पेंड ८,०००. पेंडीचा एक रुपया उतरला की ती तूट भरायला तेल जवळजवळ साडेचार रुपये चढावं लागतं. वीस हजार प्रक्रिया खर्च आणि तोच अठरा हजार नफा ठेवायचा, तर ही गिरणी सोयाबीनला आता ४,५०० ऐवजी ४,३८० रुपयेच देऊ शकते. तेल महागलं आणि सोयाबीन स्वस्त झालं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

आणि पेंड खरोखरच पडली होती. तिला पाडणारा माल स्वतःच दुसऱ्या कारखान्याचं उपउत्पादन होता, ही यातली सर्वांत लक्षात ठेवण्यासारखी बाब. पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी मका आणि तांदळापासून इथेनॉल बनवायला देशात जोर आला. धान्यातला स्टार्च आंबवून इथेनॉल काढलं की मागे जो चोथा राहतो तो सुकवून पशुखाद्य म्हणून विकतात. त्याला डीडीजीएस म्हणतात. तांदळाच्या डीडीजीएसमध्ये प्रथिनं सुमारे ४५ टक्के, म्हणजे सोयापेंडीच्या जवळ. भाव मात्र तिच्यापेक्षा बराच कमी. इथेनॉलवाल्याचा कारखाना इथेनॉलच्या दरावर चालतो, चोथ्यावर नाही. चोथ्याचे जे येतील ते वरकड. त्याचा भाव घसरला तरी तेवढ्यावरून तो सहसा कारखाना बंद करत नाही आणि चोथा बाजारात येत राहतो. सोयाबीन गिरणीचं तसं नाही, कारण पेंड तिच्या निम्म्या कमाईची धनी आहे. कुक्कुटखाद्य बनवणाऱ्यांनी सोयापेंडीच्या जागी काही प्रमाणात डीडीजीएस घालायला सुरुवात केली आणि एकाच्या उपउत्पादनाने दुसऱ्याच्या संयुक्त उत्पादनाचा भाव खाली ओढला. डीडीजीएसमधली प्रथिनं सोयापेंडीइतकी पचत नाहीत आणि कोंबडीला लागणारं लायसिन त्यात कमी असतं, म्हणून त्याला पूर्ण जागा घेता येत नाही. पण भाव पाडायला पूर्ण जागा घ्यावी लागत नाही.

याची उलटी बाजू सुलतानपूर-लोणारच्या शेतकऱ्यांनी २०२१ मध्ये पाहिली होती. त्या वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला राज्यातल्या काही बाजारांत सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांचा पल्ला गाठला. तेल तेव्हा महाग होतंच, पण पेंडही ऐंशी रुपये किलोच्या पुढे गेली होती. दोन्ही वस्तू एकाच दिशेने चढल्या तेव्हाच तो भाव शक्य झाला. मग कुक्कुटपालकांच्या मागणीवरून केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये बारा लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. आयात तेलाची नव्हती, पेंडीची होती. नवं पीक बाजारात यायच्या तोंडावर भाव कोसळले. त्या वर्षी ज्याने फक्त तेलाच्या बातम्या वाचल्या, त्याला ती घसरण कळली नसेल.

ओलाव्याबद्दल थोडं, कारण दर वर्षी वाद त्यावरूनच होतात. हमीभाव खरेदीत सोयाबीनचा ओलावा १२ टक्क्यांपर्यंत मान्य असतो. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने तो १५ टक्क्यांपर्यंत सैल केला. गिरणीच्या हिशोबात ओलावा म्हणजे विलगीकरण बिंदूच्या आधीच उडून जाणारं वजन. शंभर क्विंटलांतले दोनशे किलो जातात त्याऐवजी पाचशे गेले, तर तेल आणि पेंड दोन्ही कमी निघतात आणि तोच संयुक्त खर्च कमी किलोंवर पडतो. शिवाय ते पाणी उडवायला इंधन लागतं. म्हणून ओल्या मालाला कपात असते, आणि ती असणं चुकीचं नाही. मात्र कपात किती, हे ओलाव्याच्या टक्क्याशी जुळलं पाहिजे. मीटरवर दाखवलेला आकडा आणि पावतीवरची कपात ताडून पाहणं हा विक्रेत्याचा हक्क आहे.

यंदा पोती बाजारात न्यायच्या आधी दोन भाव विचारा : कच्च्या सोयातेलाचा किलोचा भाव आणि डीओसीचा किलोचा भाव. पहिल्याला १८ ने गुणा, दुसऱ्याला ८० ने, आणि दोन्हींची बेरीज करा. ही झाली एका क्विंटल सोयाबीनमधून गिरणीच्या हाती येणारी रक्कम. तिच्यातून प्रक्रिया, वाहतूक, आडत आणि गिरणीचा वाजवी नफा वजा करा. तुम्हाला मिळणारा भाव कमी असूनही याच्या आसपास असेल आणि पेंड स्वस्त असेल तर बाजार पेंडीमुळे दबलेला आहे, आणि मागणी पेंडीच्या आयात-निर्यातीबद्दल करायला हवी. तो याच्या बराच खाली असेल तर मात्र दोष गणितात नाही, मधल्या साखळीत आहे, आणि त्याचा जाब बाजार समितीत बसून विचारावा.